पाळी जाऊन तेरा वर्षे झाली आणि आता परकरावर डाग दिसला : एवढ्याशासाठी दाखवायला हवे का?

अनघा_नाशिक
नमस्कार. माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत आणि त्यांची पाळी पन्नाशीतच गेली. गेल्या महिन्यात कपडे भिजवताना त्यांच्या परकरावर रुपयाएवढा तपकिरी डाग मला दिसला. विचारले तर म्हणाल्या, "अगं, चहा सांडला असेल." तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच, या वेळी गुलाबीसर डाग दिसला, तेव्हा मात्र त्यांनी कबूल केले की थोडे अंगावर जाते आहे, पण दुखत नाही, खुपत नाही आणि दुसऱ्या दिवशी आपोआप थांबते. आमच्या नणंदबाईंचे म्हणणे असे की इतक्या कमी रक्तासाठी या वयात त्यांना तपासणीच्या टेबलावर चढवू नये, पुन्हा झाले तर पाहता येईल. दीड वर्षापूर्वी एका शिबिरात त्यांची पॅप स्मिअरची तपासणी झाली होती आणि ती व्यवस्थित आली होती. त्यांना मधुमेह आहे, बाकी प्रकृती चांगली आहे. थांबावे की दाखवावे?

मंगल_जोशी
अनघाताई, घाबरू नका. माझ्या आईलाही सत्तरीत मागच्या उन्हाळ्यात असाच त्रास झाला होता. उष्णता वाढली की होते. धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा आठ दिवस दिला आणि थांबले. शिवाय वयानुसार आतली त्वचा कोरडी व पातळ होते, त्यामुळेही थोडे रक्त येऊ शकते असे मी वाचले आहे.

विश्वास_प
माझ्या आईच्या बाबतीत आम्ही तीन महिने पिशवीचा त्रास समजत होतो आणि निघाली मूळव्याध. आधी रक्त नेमके कुठून येते ते पाहावे.

निवृत्त_डॉक्टरीण
मी मिरजेकडे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बत्तीस वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मंगलताईंचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचे सर्वांत नेहमीचे कारण खरोखरच योनिमार्गाचे आणि गर्भाशयाच्या अस्तराचे पातळ होणे हेच असते. परंतु अशा रक्तस्रावासाठी आलेल्या शंभर बायकांपैकी साधारण नऊ-दहा जणींच्या गर्भाशयाच्या अस्तरात कर्करोग सापडतो, आणि कोणती बाई त्या नव्वदांतली व कोणती त्या दहांतली, हे डागाकडे पाहून मलाच काय, कोणालाही सांगता येत नाही. उलट बाजूने पाहिले तर ज्यांना हा कर्करोग होतो त्यांच्यापैकी दहातल्या नऊ जणींमध्ये रक्त जाणे हीच पहिली खूण असते. बहुतेकींच्या बाबतीत ती खूण आजार पिशवीच्या आतच असताना दिसते, म्हणून तिची किंमत मोठी.

आता "थोडेच जाते" याविषयी. पातळ झालेले निरुपद्रवी अस्तर कधीकधी चांगले लालभडक रक्त देते आणि बाई घाबरून त्याच दिवशी येते. याउलट अस्तरातली गाठ सुरुवातीला फक्त पाझरते. वयाबरोबर गर्भाशयाचे मुख आकसलेले असते, त्यामुळे ते पाझरलेले रक्त आतच रेंगाळते, काळपट होते आणि चार दिवसांनी तपकिरी डाग म्हणून बाहेर येते. म्हणून रक्त किती आले, कोणत्या रंगाचे आले, दुखले की नाही आणि आपोआप थांबले की नाही, यांतल्या कशावरूनही आत काय आहे ते ठरत नाही.

पॅप स्मिअर गर्भाशयाच्या मुखासाठी असते. आतल्या अस्तराविषयी ती खात्रीने काही सांगत नाही. दीड वर्षापूर्वीच्या त्या चांगल्या अहवालावर आज विसंबू नये.

विश्वासरावांचा मुद्दा योग्य आहे, पण तो डॉक्टरांकडे न जाण्याचे कारण होऊ नये. घरी एवढे करता येईल, की एक-दोन दिवस पांढरा स्वच्छ पॅड ठेवून पाहावे आणि लघवीच्या किंवा शौचाच्या वेळीच रक्त दिसते का, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. लघवीतून रक्त येत असेल तर त्याचीही तपासणी लागतेच.

सुजाता४७
माझीही पाळी गेली असे मला वाटत होते, पण पाच महिन्यांनी परवा पुन्हा आली आणि सहा दिवस चालली. हा धागा वाचून रात्रभर झोप लागली नाही. म्हणजे मलाही बायोप्सी करावी लागणार का?

निवृत्त_डॉक्टरीण
सुजाताताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असे आम्ही म्हणतो. पाच महिन्यांच्या खंडानंतर आलेली पाळी ही बहुधा पाळी जाण्याच्या वाटेवरचीच असते. मात्र पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव फार जास्त असेल, दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडत असतील किंवा संबंधानंतर रक्त येत असेल, तर तपासणी तुम्हालाही लागेल. आज तरी झोपा.

कोल्हापुरी_मिसळ
सासूबाईंच्या परकरावरचा डाग सुनेला दिसला आणि सुनेने तो सगळ्या महाराष्ट्राला सांगितला, हे सासूबाईंना कळले की डॉक्टरांची गरज अनघाताईंनाच पडेल.

अनघा_नाशिक
त्यांना सांगूनच लिहिले आहे. त्यांची अट एकच होती, गावाचे नाव लिहायचे नाही. आता पाहते तर ते माझ्या नावातच आहे.

सुमित्रा_ढगे
मी सहसा येथे केवळ वाचते, पण आज लिहिते. मी ५८ वर्षांची आहे, पाळी एकोणपन्नासाव्या वर्षी गेली, वजन तेव्हा ८४ किलो आणि साखर व रक्तदाब दोन्ही होते. दोन वर्षांपूर्वी एकदा पंच्याने पुसताना लालसर दिसले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोटावर हातही न ठेवता रक्त थांबवण्याच्या गोळ्या पाच दिवस दिल्या. थांबले. मला इतके बरे वाटले की तीन महिन्यांनी पुन्हा झाले तेव्हा मी औषधाच्या दुकानातून त्याच गोळ्या स्वतःच आणल्या. तेव्हाही थांबले. असे करत आठ महिने गेले.

शेवटी मुलीने ओढून नेले. खालून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी १४ मिलिमीटर निघाली. तिथेच ओपीडीत त्यांनी बारीक प्लॅस्टिकची नळी आत घालून नमुना घेतला. भूल दिली नव्हती. पाळीतला जोराचा कळ यावा तसे अर्धा-एक मिनिट झाले, डोळ्यांत पाणी आले, आणि संपले. बाहेर आल्यावर मी मुलीला म्हटले, एवढ्याला मी आठ महिने घाबरत होते.

अहवालात कर्करोग आला, पण सौम्य प्रतीचा. एमआरआय करून मग पिशवी, नळ्या आणि दोन्ही अंडाशये काढली. काढलेल्या पिशवीच्या तपासणीत रोग स्नायूच्या निम्म्या जाडीच्या आतच थांबला होता, त्यामुळे मला किरणोपचार द्यावे लागले नाहीत. आता सहा महिन्यांनी दाखवायला जाते. आठ महिन्यांत तो निम्म्याच्या पुढे गेला असता तर काय, हा विचार अजूनही मनात येतो. गोळीने रक्त थांबले होते, गाठ थांबली नव्हती.

मंगल_जोशी
सुमित्राताई, वाचून अंगावर काटा आला. पण वजनाचा आणि साखरेचा याच्याशी काय संबंध? आई तर काडीसारखी आहे.

निवृत्त_डॉक्टरीण
पाळी गेल्यावर अंडाशये थंडावतात, परंतु शरीरातली चरबी स्वतः थोडे इस्ट्रोजेन तयार करत राहते. पाळी चालू असताना महिन्यातून एकदा प्रोजेस्टेरॉन येऊन अस्तराला आवर घालते. पाळी गेल्यावर तो आवर नसतो, म्हणून चरबी अधिक असेल तर अस्तर वर्षानुवर्षे एकाच हार्मोनच्या खतावर वाढत राहते. मधुमेह, मूल न झालेले असणे, पाळी फार उशिरा जाणे हेही धोक्याच्या बाजूचे. परंतु काडीसारख्या बाईलाही हा रोग होतो, आणि सडपातळ वृद्ध स्त्रियांमध्ये कधीकधी त्याचा अधिक आक्रमक प्रकार दिसतो, ज्यात अस्तर फारसे जाड होतही नाही. बारीक अंगयष्टी हा तपासणी टाळण्याचा परवाना नाही.

गोळ्यांविषयी सुमित्राताईंनी लिहिले ते प्रत्येकीने वाचावे. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचेही तसेच आहे. त्या अस्तराला तात्पुरते शांत करतात आणि मग आपली समजूत होते की काही नव्हतेच.

रमेश_बीडकर
डॉक्टरीणबाई, तुमचे शास्त्र मान्य आहे, पण आमच्या भागातली दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळापर्यंत गेला होता. अंगावर पांढरे जाते एवढ्यासाठी "कॅन्सर होईल" असे सांगून तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या मी शेजारच्या तांड्यात पाहिल्या आहेत. आता तुम्ही "थोडेसे रक्त दिसले तरी दाखवा" असे म्हणता, आणि दाखवायला गेलेली बाई थेट ऑपरेशनच्या टेबलावर जाते. लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा?

निवृत्त_डॉक्टरीण
रमेशराव, तुमचा राग योग्य जागी आहे आणि मी त्याला विरोध करणार नाही. मी एवढेच सांगेन की तपासणी आणि पिशवी काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या मध्ये एक कागद असतो, तो म्हणजे काढलेल्या नमुन्याचा पॅथॉलॉजीचा अहवाल. केवळ सोनोग्राफीतल्या जाडीवरून "पिशवी काढू या" असे कोणी म्हणाले, तर "नमुन्याचा अहवाल काय आला?" हा प्रश्न विचारावा आणि तो कागद हातात घेऊनच दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. बहुतेकींच्या बाबतीत त्या कागदावर कर्करोग नसतो आणि पिशवी जिथल्या तिथे राहते.

आणखी एक. आपल्याकडे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अजूनही पुष्कळ आढळतो आणि तोही असेच रक्त देतो. म्हणून पहिली तपासणी सोनोग्राफी नव्हे. आधी उजेडात, स्पेक्युलम लावून योनिमार्ग आणि गर्भाशयाचे मुख डोळ्यांनी पाहायला हवे. तेवढे न करता कोणी थेट सोनोग्राफीची चिठ्ठी दिली, तर पहिली पायरी राहिली असे समजावे.

रमेश_बीडकर
अहवालाचे पटले. तालुक्याच्या ठिकाणी तो अहवाल वेळेवर मिळेल का, हा प्रश्न मात्र उरतोच.

लीना_मँचेस्टर
इथल्या पद्धतीबद्दल लिहिते. पंचावन्नच्या पुढच्या बाईला पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तर इथले जीपी, म्हणजे नेहमीचे डॉक्टर, तिला कर्करोगाच्या संशयाच्या तातडीच्या रांगेत पाठवतात. मी हार्मोनच्या गोळ्या घेते, त्यामुळे मला सांगितले होते की पहिल्या सहा महिन्यांत अधूनमधून डाग पडू शकतात. सहा महिने उलटून गेल्यावर डाग पडला तेव्हा मात्र मी "गोळ्यांमुळेच असेल" म्हणून गप्प बसले होते, आणि त्याबद्दल नर्सने मला चांगलेच सुनावले.

शुभदा_ठाणे
माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन चालू आहे. तिला डाग पडत नाही, परंतु सोनोग्राफीत अस्तर ९ मिलिमीटर दिसले आहे. मग तिचेही सुमित्राताईंसारखेच करायला हवे का?

निवृत्त_डॉक्टरीण
टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागते. त्याने अस्तराखालचा भागही फुगीर दिसतो, त्यामुळे जाडीचा आकडा या बायकांमध्ये फसवा असतो. रक्त जात नसेल तर नुसत्या आकड्यासाठी नमुना घ्यावा की नाही, यावर माझ्या सहकाऱ्यांतही एकमत नव्हते. ते मावशींच्या कर्करोगतज्ज्ञांनी ठरवावे. एक थेंब जरी दिसला, तरी मग चर्चा नको, दाखवायचे. आणि घाबरून ती गोळी मनाने बंद करू नये.

मीनल_पु
माझ्या आत्याची गोष्ट थोडी निराळी आहे. सोनोग्राफीत अस्तर ३ मिलिमीटर होते. ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता अगदी कमी असते, असे सांगून तिला कोरडेपणासाठी क्रीम देऊन घरी पाठवले. साडेतीन महिन्यांनी पुन्हा डाग पडला. आम्ही म्हटले, अहवाल चांगला आहे, क्रीम लावा. बरोबर केले ना?

निवृत्त_डॉक्टरीण
पहिल्या वेळी डॉक्टरांनी केले ते बरोबर होते. जाडी ४ मिलिमीटरच्या आत असेल तर कर्करोग असण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी असते, म्हणून एकदाच झालेल्या रक्तस्रावात तिथे थांबता येते. परंतु रक्त पुन्हा आले की तो जुना आकडा निकामी झाला असे धरून नमुना घ्यावा लागतो. तो आकडा "आज थांबले तरी चालेल" एवढेच सांगतो, "पुढे कधीही पाहू नका" असे सांगत नाही. आत्यांना परत न्या.

मीनल_पु
ठीक आहे. नेते.

अनघा_नाशिक (नऊ दिवसांनी)
सर्वांचे आभार. नणंदबाईंना मी सुमित्राताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या काही बोलल्या नाहीत, पण सोबत आल्या.

पहिल्याच पायरीला घोळ झाला. चिठ्ठीवर फक्त "सोनोग्राफी" असे लिहिले होते. केंद्रावर सासूबाईंना दोन बाटल्या पाणी प्यायला लावून दीड तास बसवले, पोटावरून सोनोग्राफी केली आणि अहवाल दिला, "गर्भाशय वयानुसार लहान." अस्तराच्या जाडीचा आकडाच त्यात नव्हता. मी निवृत्त डॉक्टरीणबाईंचे लिहिणे वाचले नसते तर तो कागद घेऊन आम्ही समाधानाने घरी आलो असतो.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आधी मुख तपासले, ते व्यवस्थित होते. मग खालून सोनोग्राफी केली. अस्तर ८ मिलिमीटर आणि त्यात एका कोपऱ्यात वेगळा दिसणारा भाग, बहुधा पॉलिप. नळीने नमुना घेतला. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला, पण "झाले का?" एवढेच विचारले. काल अहवाल आला : नमुना अपुरा, निदान करता येत नाही. नणंदबाई म्हणाल्या, "म्हणजे काही सापडले नाही, देव पावला." मला तसे वाटत नाही. माझे बरोबर आहे का?

निवृत्त_डॉक्टरीण
तुमचे बरोबर आहे. अपुरा नमुना म्हणजे चांगला अहवाल नव्हे. अस्तर जेमतेम २-३ मिलिमीटर असते तर हाती काही न लागणे समजण्यासारखे होते. इथे ते ८ आहे आणि कोपऱ्यात काहीतरी दिसते आहे. ती नळी न पाहता फिरवली जाते, पॉलिप बाजूला सरकतो आणि नळीत काहीच येत नाही. आता दुर्बीण घालून, डोळ्यांनी पाहून तो भाग काढायचा आणि तपासायला पाठवायचा. याला बहुतेक वेळा हलकी भूल देतात आणि त्याच दिवशी घरी पाठवतात. मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे ते भूलतज्ज्ञांना आधी विचारून ठेवा.

अनघा_नाशिक
गुरुवारची वेळ मिळाली आहे. आणखी एक गोष्ट काल रात्री कळली. सासूबाई म्हणाल्या की पहिला डाग गेल्या महिन्यातला नव्हे, दिवाळीतला होता. फराळाच्या गडबडीत कोणाला सांगायचे म्हणून त्यांनी परकर स्वतः धुऊन टाकला होता.

सुमित्रा_ढगे
त्यांना माझा नमस्कार सांगा. मीही पंचा धुऊनच टाकला होता.

मंगल_जोशी
मी काल आईला सरळ विचारले. उन्हाळ्यात थांबले ते गणपतीत पुन्हा झाले होते आणि तिने मला सांगितले नव्हते, कारण मी परत सब्जा प्यायला लावेन असे तिला वाटले. सोमवारी घेऊन जात आहे. पाणी पाजून न्यायचे की नाही, एवढेच पुन्हा सांगा.

निवृत्त_डॉक्टरीण
खालून सोनोग्राफी करायची असेल तर लघवी करून जायचे, पाणी नको. चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहून घ्या आणि अहवालात अस्तराच्या जाडीचा आकडा आहे का, ते केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी पाहा. सब्जा चालेल, त्याला माझी हरकत नाही.